मदत हवी आहे: मुलाने SF4 टेट्राहेड्रल काढलंय, चूक नेमकी कुठून दाखवू?

विश्रामबाग_शिकवणी: सांगलीत अकरावी सायन्सच्या मुलांची शिकवणी घेते. गृहपाठात एकाने SF4 काढलंय: मधे S, चार F, प्रत्येक F वर तीन लोन पेअर, S वर काहीच नाही. आकार टेट्राहेड्रल, कोन 109.5°. वरच्या ओळीतलं CF4 हुबेहूब असंच आहे आणि ते बरोबर आहे. उत्तर 'सी-सॉ' आहे हे मी सांगितलं तर तो नुसतं पाठ करेल.

कृष्णाकाठ: ताई, आकाराला हात लावू नका, आधी ठिपके मोजून घ्या. S चे 6 आणि चार F चे 28, म्हणजे 34 हवेत. वहीत बॉण्डचे 8 आणि F वरचे 24, एकूण 32च आहेत. राहिलेले दोन S वर जातात. C चे 4च असल्याने CF4 मध्ये 32 बरोबर बसतात, म्हणून तिथे काही खटकलं नाही. मधल्या अणूभोवती आठ झाले की मुलं मोजणं थांबवतात, चूक तिथे आहे.

पलूसकर: बरोबर. S भोवती पाच जोड्या झाल्या, म्हणजे ट्रायगोनल बायपिरॅमिड. लोन पेअर वरच्या टोकाला ठेवायची, की झालं.

कृष्णाकाठ: पाच जोड्या बरोबर, टोक नाही. टोकाला ठेवलीत तर तिच्यापासून 90° वर तीन F येतात. मधल्या त्रिकोणात ठेवलीत तर दोनच, बाकीचे दोन 120° लांब. लोन पेअर S जवळ जास्त जागा व्यापते, त्यामुळे ती मधेच बसते. मोजलेले कोनही हेच सांगतात: टोकांच्या दोन F मधला कोन 180° ऐवजी साधारण 173°, मधल्या दोघांतला 120° ऐवजी साधारण 102°. चारही F तिच्यापासून लांब सरकलेत. वहीत '120° पेक्षा कमी' एवढं लिहिलं तरी मी बरोबर देईन.

मिरजेचा_पालक: आमच्या मुलीने SO2 ला दोन्हीकडे डबल बॉण्ड काढले, मॅडमनी खोडून एक डबल, एक सिंगल केला. आकार मात्र बरोबर दिला. असं कसं?

कृष्णाकाठ: दोन्ही आकृत्यांत 18 इलेक्ट्रॉन भरतात आणि S वर एक लोन पेअर राहते, त्यामुळे रेणू वाकडाच येतो. मॅडमच्या आकृतीत S चे आठ पूर्ण होतात, पण S वर + आणि सिंगल बॉण्डच्या O वर − लिहावा लागतो. मी दोन्ही धरतो, काही जण नाही धरत. मॅडमनाच विचारा.

विश्रामबाग_शिकवणी: त्याच्या चुकलेल्या ठिपक्यांवरून टेट्राहेड्रल हाच आकार निघतो. मग आकाराचा मार्क द्यायचा का?

पलूसकर: नाही. रेणूचा आकार विचारलाय, त्याच्या चित्राचा नाही.

कृष्णाकाठ: मी देईन, तर्क बरोबर चालवलाय त्याने. ठिपक्यांचा मात्र कापेन. आता त्याच पानावर XeF4 द्या. पुन्हा चारच F, पण इलेक्ट्रॉन 36. Xe वर दोन लोन पेअर समोरासमोर काढून स्क्वेअर प्लॅनर लिहिलं, तर मोजणी कळली. परत टेट्राहेड्रल आलं, तर तो अजून F मोजूनच आकार ठरवतोय.