बुकिंग रद्द केल्यावरचा हिशेब प्रवाशाला कळेल असा कसा लिहावा?

शलाका_बुकिंग
मी ट्रॅव्हल एजन्सीत काम करते. सहल रद्द झाली की आमच्याकडून हा ठरलेला मेसेज जातो:

"कॅन्सलेशन चार्जेस: एअरलाइन ३,५०० पर पॅक्स पर सेक्टर. हॉटेल १५ दिवसांच्या आत ५०%. सर्व्हिस फी नॉन-रिफंडेबल. प्रोसेसिंग ५०० पर पॅक्स. बॅलन्स रिफंड ड्यू कोर्समध्ये."

परवा एका जोडप्याने निघायच्या १२ दिवस आधी बुकिंग रद्द केलं. पॅकेज ७८,००० चं. त्यात जाण्यायेण्याची विमानाची तिकिटं ३६,०००, हॉटेल ४०,००० आणि आमची फी २,०००. त्यांनी तोवर ६०,००० भरले होते. नियमाप्रमाणे परत मिळणार २३,०००. त्यांनी मेसेज वाचून धरलं होतं की भरलेल्यातले निम्मे, म्हणजे ३०,००० तरी येतील. हिशेब बरोबर आहे, पण तो त्या मेसेजमधून कळतच नाही. कसा लिहू?

दत्ता_वारी
सोडू नका त्यांना. लेखी तक्रार करा, पावत्या जोडा. एजंटने अर्ध्याहून जास्त पैसे ठेवायचे म्हणजे काय!

शलाका_बुकिंग
दादा, एजंटच्या बाजूची मीच आहे. त्यातले बहुतेक पैसे एअरलाइन आणि हॉटेलने ठेवलेत. आणि तुमचा जो समज झाला, तोच प्रवाशांचाही होतो.

मोकळा_रविवार
सोपं आहे. "तुम्हाला २३,००० परत मिळतील" एवढंच लिहा. कपातीचा तपशील कोणी वाचत नाही.

जुना_तिकीटवाला
रक्कम पहिल्या ओळीत हवी, हे पटलं. पण तपशील गाळला तर पुढचा फोन "बाकीचे ३७,००० कुठे गेले" असाच येणार.

शलाकाताई, तुमच्या मेसेजमध्ये गुणाकार आणि टक्केवारी दोन्ही प्रवाशावर सोडलंय. "पर पॅक्स पर सेक्टर" वाचून त्याला ३,५०० एवढंच दिसतं. माणसं दोन, जाणं एक आणि येणं एक, म्हणजे ही रक्कम चार वेळा कापली जाते. १४,००० हा आकडा तुम्हीच लिहा आणि तो कसा आला तेही लिहा.

५०% चं तर त्याहून वाईट आहे. कशाच्या ५०%? प्रवासी समोर दिसेल त्या रकमेचे धरतो, आणि त्याच्यासमोर असतात त्याने भरलेले ६०,०००. कापले जातात हॉटेलच्या पूर्ण दराचे, म्हणजे २०,०००. टक्का लिहिला की त्याच वाक्यात मूळ रक्कम आलीच पाहिजे.

आणखी एक. न भरलेले १८,००० आता भरायचे नाहीत, हे कुठेच लिहिलेलं नाही. काही जण त्या भीतीनेच फोन करतात.

नेहमीची_खिडकी
माझ्या वेळी आकडा बरोबर होता, पण पैसे दोन हप्त्यांत आले. पहिला हप्ता बघून मी आठवडाभर भांडत होते. तेही लिहा.

शलाका_बुकिंग
हे आमच्याकडेही होतं. या जोडप्याच्या बाबतीत एअरलाइनकडून २२,००० यायचेत आणि आमच्याकडे १,००० शिल्लक आहेत. नवा मसुदा:

"तुम्हाला एकूण २३,००० परत मिळतील. तुम्ही ६०,००० भरले होते. त्यातून ३७,००० कापले गेले, ते असे:
विमान कंपनीने १४,००० (दोघांचं जाणं आणि येणं, म्हणजे चार वेळा ३,५००).
हॉटेलने २०,००० (हॉटेलचे एकूण ४०,०००, त्यातले निम्मे, कारण बुकिंग १२ दिवस आधी रद्द झालं).
आमची बुकिंगची फी २,०००. रद्द करण्याच्या कामाचे १,००० (प्रत्येकी ५००).
पॅकेजचे उरलेले १८,००० आता भरायचे नाहीत.
१,००० आम्ही आजच पाठवत आहोत. २२,००० विमान कंपनीकडून आले की पाठवू."

जुना_तिकीटवाला
उत्तम. फक्त "१२ दिवस आधी" च्या जागी रद्द केल्याची आणि निघायची अशा दोन्ही तारखा घाला. रात्री उशिरा मेसेज आला आणि तो दुसऱ्या दिवशी वाचला गेला, तर १५ दिवसांच्या सीमेवर एका दिवसाने हजारोंचा फरक पडतो. आणि २२,००० ला अंदाजे मुदत द्या, नाहीतर "आले की" म्हणजे कधी, असं विचारतीलच.

मोकळा_रविवार
फीचे २,००० आणि १,००० एकत्र ३,००० लिहिले तर? दोनदा फी दिसली की डोळ्यांत खुपते.

जुना_तिकीटवाला
खुपू दे. एक बुकिंग करण्याची, दुसरी रद्द करण्याची. एकत्र केली तर लपवल्यासारखं वाटेल.

शलाका_बुकिंग
आमच्या मालकांना एकत्रच हवीय. तारखा आणि मुदत आज घालते, फीच्या ओळीवर उद्या बोलणं आहे.