मदत हवी आहे: तयार गेमिंग पीसी घेऊ की स्वतः जुळवू?

तयार डेस्कटॉप जवळजवळ ठरवला होता. सुट्या भागांची बेरीज केली तर किमतीत फारसा फरक नाही, शिवाय वॉरंटी एकाच ठिकाणी. पण झाकण उघडून पाहिलं आणि अडलोच. मदरबोर्डला नेहमीच्या २४ पिनांऐवजी वेगळाच छोटा कनेक्टर, आणि रॅमची एकच पट्टी. पट्टी दुसरी टाकता येईल. पण पुढे मोठं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं तर पॉवर सप्लाय बदलावा लागणार, आणि साधा सप्लाय या बोर्डाला थेट जोडता येत नाही.

स्वतः जुळवला तर ही अडचण नाही, पण मशीन सुरूच झालं नाही तर बिघडलेला भाग मीच शोधायचा, याची खरंच धास्ती वाटते.

अशा बोर्डाला अडॅप्टर लावून कुणी साधा सप्लाय जोडलाय का? नीट चालला का? कृपया सांगा.