मदत हवी आहे: तो माझ्या बोलण्यावरून खेचतो, हे प्रेमाने की कमी लेखून?

अबोली_२७
लवकर सांगा, शनिवारी परत सगळे भेटणार आहोत. मी 'येऊन राहिली' म्हटलं की तो लगेच तसंच म्हणून दाखवतो. गेल्या रविवारी मिसळ खायला गेलो होतो. मी वेटरला म्हटलं, तर्री कमी द्या. हा नाकात बोलत म्हणाला, "हिले तर्री कमी पायजे बाप्पा!" टेबलावरचे सगळे हसले. मीही हसले, पण पुढचा घास गिळवेना. घरी सोडताना बोलले, तर म्हणे, "अगं, आवडतेस म्हणून तर चिडवतो." असं खरंच असतं का? ओळखायचं कसं?

विनय_ठाणे
असतं. ज्याच्याशी देणंघेणं नाही त्याची कोण कशाला खेचेल? कॉलेजात मी चार वर्षं जिला चिडवलं तिच्याशीच माझं लग्न झालं. मनावर घेऊ नका.

नाशिकची_काकू
विनय, देणंघेणं असलेलाच माणूस जास्त बोचतो. माझ्या जाऊबाई बावीस वर्षं हसत हसत माझ्या पोळ्यांना 'नकाशे' म्हणतात. त्यांना मी आवडते म्हणून नव्हे. अबोली, तू सरळ उलट उत्तर दे, एकदाच असं झोंबणारं की परत तोंड उघडणार नाही.

तर्रीबाज
ताई, यात लाज कसली! वऱ्हाडी गोड भाषा आहे. 'तर्री'ला पुण्यात धड शब्दसुद्धा नाही, कोणी कट म्हणतं, कोणी सँपल. तुम्ही पुण्यात तशाच बोला, अजिबात बदलू नका. अमरावतीच्या का नागपूरच्या?

अबोली_२७
अमरावती. पण मी भाषेबद्दल विचारलं नाहीये. मला लाज वाटत नाही, राग येतो.

मीरा_समुपदेशन
लग्नाआधी भेटायला येणाऱ्या जोडप्यांबरोबर काम करते, म्हणून थोडं विचारते. हा तुमचा कोण? टेबलावर कोणाची माणसं होती? तुम्ही दोघंच असताना तो हीच नक्कल करतो का? आणि तुम्ही त्याची खेचलीत तर तो काय करतो? एवढं कळल्याशिवाय 'प्रेम' किंवा 'अपमान' म्हणणं म्हणजे नुसता अंदाज.

अबोली_२७
टेबलावर सगळे त्याचे शाळेपासूनचे मित्र. दोघंच असताना वेगळं असतं. तेव्हा 'काहून' म्हणजे काय, आजी अजून काय म्हणते, असं विचारत बसतो. माझा नंबरही 'तर्री' नावाने ठेवलाय, ते मला आवडतं. मी त्याला त्याच्या गाडी चालवण्यावरून चिडवते, तो हसतो. मात्र एकदा मित्रांसमोर चिडवलं तेव्हा घरी जाईपर्यंत बोलला नव्हता.

आणि हो, साखरपुडा पुढच्या महिन्यात आहे.

विनय_ठाणे
हे आधी सांगायचं ना! मला वाटलं ऑफिसातला कोणी.

नाशिकची_काकू
साखरपुडा असेल तर माझा सल्ला मागे घेते. घरच्यांना सांग, मध्यस्थाला सांग, आत्ताच.

मीरा_समुपदेशन
काकू, घरच्यांपर्यंत नेलं की ते तिच्या हातून सुटेल. आधी तिने एकदा बोलून बघू दे.

अबोली, 'तर्री' हे एकच नाव फोनमध्ये आहे तेव्हा आवडतं आणि टेबलावर खुपतं. म्हणजे अडचण शब्दाची नाही, शब्द कोणासाठी म्हटला जातो याची आहे. लाडाने चिडवणारा माणूस बहुधा तुमच्याकडे बघत असतो. सूर लांबवतो, डोळे मोठे करतो, म्हणजे हा खेळ आहे हे तुम्हाला कळावं. पण आवाज आणि चेहरा यावर सगळं सोडू नका, कारण हिणवणारी नक्कलही तितकीच रंगवलेली असते. वाक्य संपल्यावर त्याने कोणाकडे बघितलं ते आठवा.

अबोली_२७
मित्रांकडे. माझ्याकडे नाही.

मीरा_समुपदेशन
मग ते वाक्य बहुधा मित्रांसाठी होतं. म्हणून तो वाईटच असं मी म्हणणार नाही. जुन्या टोळक्यात शिरलं की बरेच जण तिथलं आपलं स्थान सांभाळायला जवळच्या माणसाला पुढे करतात. मला जास्त लागलं ते दुसरं: तुम्ही मित्रांसमोर चिडवलंत तेव्हा तो गप्प झाला. म्हणजे चारचौघांत खेचलं की लागतं हे त्याला स्वतःवरून माहीत आहे.

'आवडतेस म्हणून' हे तो मनापासून म्हणत असू शकतो. मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली याच गोष्टीवर काम केलं होतं. चिडवणाऱ्याला आपला हेतू चांगला होता हे आतून ठाऊक असतं, म्हणून चिडवणं त्याला सौम्य वाटतं. समोरच्याला तो हेतू दिसत नाही, त्याच्या कानावर फक्त शब्द पडतात. त्यामुळे त्याचा हेतू चांगला आणि तुमचं दुखणं खरं, दोन्ही एकाच वेळी शक्य आहे. हेतूवर वाद घालूच नका.

शनिवारच्या आधी, दोघंच असताना, शांतपणे एकच गोष्ट सांगा: "माझ्या बोलण्याची नक्कल मित्रांसमोर नको, मला लागतं. बाकी खुशाल चिडव." 'तू नेहमी अपमान करतोस' म्हणू नका, तो 'नेहमी' या शब्दावर भांडत बसेल. आणि पुढच्या वेळी लागलं तर हसू नका. रविवारी तुम्ही हसलात, त्यावरून त्याला चालतंय असंच वाटलं असणार.

मग दोन-तीन भेटी बघा. फक्त तेवढी नक्कल थांबली आणि बाकीची मस्करी चालू राहिली, तर त्याला तुमच्याबरोबर हसायचं आहे. 'तुला मस्करीच कळत नाही' म्हणाला, तीच नक्कल आणखी जोरात केली किंवा रुसून बोलणंच टाकलं, तर ते गंभीरपणे घ्या.

विनय_ठाणे
एक विचारू? सांगून थांबवलेली मस्करी ही मस्करी राहते का? तो आता प्रत्येक शब्द तोलून बोलेल.

मीरा_समुपदेशन
थोडे दिवस तोलेल. तुमच्या बायकोला कशावरून चिडवायचं नाही हे तुम्हाला आज माहीत आहेच ना?

विनय_ठाणे
आहे. तिच्या वडिलांवरून नाही. एकदा रडली होती.

तर्रीबाज
मी तरी म्हणेन, त्याला अमरावतीला न्या. तिथे त्याचं पुणेरी ऐकून लोक काय म्हणतात ते कळू दे.

नाशिकची_काकू
तर्रीबाज, तिकडे त्याची टर उडवून हिचं दुखणं जाणार आहे का?

अबोली_२७
शुक्रवारी सांगितलं, ताईंनी लिहिलं तसंच. आधी म्हणाला, "एवढं काय त्यात, मित्रच तर आहेत." मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने विचारलं, "आईसमोर पण नको का?" मी म्हटलं, कोणासमोरच नको, आपण दोघं असताना चालेल. 'बरं' म्हणाला.

काल भेटलो. त्याने एकदाही नक्कल केली नाही. पण त्याच्या मित्राने केली, 'तर्री आली बाप्पा' म्हणून. म्हणजे फोनमधलं नाव यानेच त्यांना सांगितलंय. आणि तो हसला. मोठ्याने नाही, पण हसला. मी हसले नाही, ते त्याने पाहिलं आणि विषय बदलला.

नाशिकची_काकू
हसला म्हणजे काय! आपल्या माणसाने तिथे 'पुरे' म्हणायला हवं होतं.

विनय_ठाणे
विषय बदलला की हो. पहिल्याच वेळी आणखी काय करणार?

मीरा_समुपदेशन
मलाही यावरून ठरवता येत नाही. स्वतःची नक्कल थांबवली, तुमचा चेहरा बघितला, ही जमेची बाजू. मित्राला थांबवणं हे वेगळं आणि अवघड काम आहे, ते त्याला जमतं का हे अजून दिसलेलं नाही. नाव बाहेर कसं गेलं तेही विचारा. साखरपुड्याआधी ती मंडळी परत कधी भेटणार आहेत?

अबोली_२७
येत्या रविवारी, त्याच्या घरी. त्याची आईही असेल. त्याआधी नावाचं विचारते.