लॉलीपॉप-सॉकेट हवेत की साधा बाण पुरे?

केदार (धागाकर्ता)
यूएमएलच्या कंपोनंट डायग्रॅममधले लॉलीपॉप, म्हणजे पुरवलेल्या इंटरफेसचे वर्तुळ, आणि सॉकेट, म्हणजे हव्या असलेल्या इंटरफेसचे अर्धवर्तुळ, आमच्या संघाने सोडून द्यावेत, असे माझे मत आहे. बिलिंगला एसएमएस सेवा लागते, हे दोन चौकोनांमधल्या तुटक बाणानेही कळते. अर्धवर्तुळ काढून त्यात नेमकी कोणती भर पडते?

मृणाल
बाण सांगतो की बिलिंग हे एसएमएस या एका सेवेवर अवलंबून आहे. सॉकेट सांगतो की बिलिंगला ‘संदेश पाठवणे’ हा इंटरफेस हवा आहे, मग तो कोणीही पुरवो. पुरवठादार बदलायची वेळ येते तेव्हा हा फरक फार महागात पडतो.

आमच्याकडे नेमके हेच झाले. जुन्या पुरवठादाराच्या जागी नवा आला, पहिल्या दिवशी संदेश व्यवस्थित गेले आणि सगळे निर्धास्त झाले. दुसऱ्या दिवशी मात्र एकच बिल चार-चार वेळा आल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. ‘संदेश पोहोचला’ असा अहवाल पंधरा मिनिटांत न आल्यास तोच संदेश पुन्हा, जास्तीत जास्त तीनदा, पाठवायचा असा आमचा नियम होता, आणि नव्या पुरवठादाराकडून एकही अहवाल येत नव्हता. पाठवल्याच्या नोंदी भरलेल्या होत्या, अहवालांचे टेबल मात्र बदलाच्या क्षणापासून रिकामे होते. अहवाल पुरवठादाराची यंत्रणा स्वतः आमच्या पत्त्यावर आणून देते, आणि तो पत्ता नव्या ठिकाणी कोणीही नोंदवला नव्हता. आमच्या डायग्रॅमवर बिलिंगकडून सेवेकडे जाणारा एकच बाण होता. खरे चित्र PlantUML मध्ये असे हवे होते, यात डावीकडच्याचा सॉकेट आणि उजवीकडच्याचा लॉलीपॉप:

```
[Billing] -(0- [SmsService] : SendSms
[SmsService] -(0- [Billing] : DeliveryReport
```

दुसरी ओळ कागदावर असती, तर सेवेचा चौकोन बदलताना तिचा सॉकेट मोकळा पडलेला दिसला असता आणि तो कशाला जोडायचा, हा प्रश्न तिथेच विचारला गेला असता.

प्रसाद
मुद्दा पटला, पण दुसरी ओळ उलटी वाटते. माहिती जिथे आत येते तिथे सॉकेट आणि जिथून बाहेर पडते तिथे लॉलीपॉप, असे मी समजतो. अहवाल सेवेकडून येतो, म्हणून लॉलीपॉप सेवेला हवा.

मृणाल
पुष्कळदा तुमचा नियम योगायोगाने बरोबर ठरतो, कारण आपण बहुधा माहिती मागण्यासाठीच दुसऱ्याला हाक मारतो. पण पाहायचे ते कोण कोणाला हाक मारतो हे. माहिती कोणत्या दिशेने वाहते, याला इथे महत्त्व नाही. ज्याला दुसऱ्याचे फंक्शन बोलवावे लागते त्याच्याकडे सॉकेट, ज्याचे बोलवले जाते त्याच्याकडे लॉलीपॉप. समजा, बिलिंगनेच दर पाच मिनिटांनी ‘अहवाल आला का?’ असे सेवेला विचारले असते, तर तुम्ही म्हणता तसा लॉलीपॉप सेवेलाच आला असता. अहवाल तोच, मजकूर तोच, तरीही चिन्हे अदलाबदल होतात. आणि या दुसऱ्या रचनेत आमच्या पत्त्याची नोंदणी लागलीच नसती.

ऋतुजा
मी परीक्षेत चौकोनाच्या डाव्या कडेला दोन लहान आयत काढले आणि गुण कापले गेले. सॉकेट नव्हता म्हणून कापले असतील का?

मृणाल
डाव्या कडेवर आलेले आयत ही यूएमएल 1 ची पद्धत. यूएमएल 2 मध्ये तेच चिन्ह लहान करून चौकोनाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात काढतात. सॉकेटही आवृत्ती 2 मध्येच आला. त्याआधी गरज दाखवायला लॉलीपॉपपर्यंत तुटक बाण नेत असत. तुमच्या अभ्यासक्रमात कोणती आवृत्ती आहे, ते पाहा.

केदार
अहवालाचे उदाहरण मला निरुत्तर करणारे आहे, हे मान्य. बाहेरच्या पुरवठादाराशी जोडणी असेल तिथे सॉकेट ठेवू. पण आमच्या आतल्या बाराही कंपोनंटना लॉग लिहायचा असतो. एका लॉलीपॉपभोवती बारा अर्धवर्तुळे काढली, तर डायग्रॅम वाचणार कोण?

मृणाल
तिथे बाराही तुटक बाण त्या एकाच लॉलीपॉपवर आणा. ती जुनी रीत यूएमएल 2 मध्येही चालते. बाण थेट लॉगच्या चौकोनाला मात्र टेकवू नका, नाहीतर इंटरफेसच चित्रातून नाहीसा होईल. लॉगची रेघ मी स्वतः बहुतेक वेळा गाळतेच.

प्रसाद
गाळणे मला पटत नाही. आज लॉग गाळला, उद्या अहवाल गाळला जाईल. तुमच्याकडेही तेच झाले होते.

वैशाली
आमच्याकडे बिलिंग ‘बिल तयार झाले’ असा संदेश रांगेत टाकते आणि मोकळे होते. पुढे तो एसएमएस वाचते की हिशेबाचा कंपोनंट, हे त्याला ठाऊकही नसते. हाकेचा नियम लावला तर दोन्हीकडचे सॉकेट रांगेच्या कंपोनंटलाच जोडले जातात आणि बिलिंग व एसएमएस यांचा परस्परसंबंध चित्रात कुठेच उरत नाही. संदेशाचा साचा बदलला की मोडते मात्र एसएमएसच. ते अवलंबित्व तुम्ही कसे काढता?

मृणाल
आम्ही संदेशाचा साचा वेगळ्या आयतात काढून दोघांकडून त्याला तुटक बाण देतो. आमच्याच संघातल्या निम्म्या लोकांना ते अजून पटलेले नाही.