टेन्सचं गाणं पाठ, पण वाक्य चुकतं: यमक शिकवावं की सोडावं?

पारोळ्याचा मास्तर
आठवीला इंग्रजी शिकवतो, मराठी माध्यम. टेन्स लक्षात राहावेत म्हणून एक गाणं जुळवलंय:

यस्टरडे, लास्ट, अगो आला, दुसरा फॉर्म तिथे घाला;
नाऊ दिसता आयएनजी, सिन्स-फॉरला हॅव-हॅज घ्या जी.

गाळलेल्या जागांत पोरं आता पटापट मार्क घेतात. शाळेतले एक सहकारी म्हणतात, हे व्याकरण नाही, पोपटपंची आहे. तुमचं मत काय? चालू ठेवू की बंद करू?

क्लासवाला जळगाव
बंद कशाला करता सर? दहावीच्या पोराला वाक्यात खूण दिसली पाहिजे, की हात आपोआप फॉर्मवर गेला पाहिजे. खूण म्हणजेच टेन्स, बाकी सगळं पुस्तकी पांडित्य. बारा काळांचा तक्ता भिंतीवर लावून किती पोरांना इंग्रजी आलं, ते सहकाऱ्यांना विचारा. यमकातली ओळ एकदा तोंडात बसली की पोरगं ती विसरत नाही. तक्ता सुट्टीनंतर कोरा होतो.

जुना खडू
आधी माझं उत्तर: यमक ठेवा, पण त्याची सुरुवात बदला.

गाळलेल्या जागेत 'सिन्स' छापलेलाच असतो. पोरगं तो पाहतं, ओळ म्हणतं, 'हॅव' लिहितं. आता त्याच पोराला हे भाषांतराला द्या: 'मी पाच वर्षांपासून चोपड्यात राहतो.' हमखास उत्तर येतं, 'आय लिव्ह इन चोपडा सिन्स फाइव्ह इयर्स.' एका वाक्यात दोन चुका. आपण मराठीत 'राहतो' म्हणतो, म्हणून त्यानं साधा वर्तमान घेतला. आणि 'पासून' ऐकलं म्हणून सिन्स. आपलं पासून सोमवारलाही चालतं, पाच वर्षांनाही चालतं. इंग्रजीत त्याच्या दोन वाटा होतात.

गाणं पाठ असून ते इथे उपयोगी का पडलं नाही? कारण ते इंग्रजी खुणेपासून सुरू होतं, आणि इथे खूण पोरानेच निवडायची होती. ती चुकली की गाणं फार तर हॅव देईल, सिन्स चुकीचा तो चुकीचाच. म्हणून यमक प्रश्नापासून सुरू करा, तोही मराठी प्रश्नापासून. मी वर्गात हे म्हणून घ्यायचो:

किती वेळ? मोजून पाहा, फॉर लिहून स्वस्थ राहा;
कधीपासून? टोक धरा, सिन्स लिहून पुढे सरा.

पाच वर्षं मोजता येतात, म्हणून फॉर. २०१९, सोमवार, दिवाळी ही टोकं, म्हणून सिन्स. मग दुसरा प्रश्न: अजून चालू आहे का? चालू असेल तरच हॅव. 'आय हॅव लिव्ह्ड इन चोपडा फॉर फाइव्ह इयर्स.' पोरगं आता धुळ्याला राहायला गेलं असेल तर 'आय लिव्ह्ड इन चोपडा फॉर फाइव्ह इयर्स.' फॉर तोच, हॅव गेला. तुमची सिन्स-फॉरची ओळ इथे खोटी ठरते.

नाशिकला स्थायिक
माफ करा, पण मूळ दुखणं माध्यमाचं आहे. पोरांना इंग्लिश मीडियमला टाका, गाण्याबिण्याची गरजच पडणार नाही. माझ्या पुतणीला सिन्स-फॉर कुणी शिकवलंच नाही.

पारोळ्याचा मास्तर
भाऊ, माझ्या वर्गात जी पोरं बसलीत त्यांच्याबद्दल विचारतोय. राज्यात २००० पासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी आहे. माध्यमाचं भांडण दुसरीकडे.

जुना खडू सर, तुमचं पटलं. पण पोरगं आधी प्रश्न विचारणार, मग ओळ आठवणार, मग लिहिणार. वेळ लागत नाही का?

जुना खडू
लागतो. पहिले काही आठवडे कासवासारखे जातात. मोठं गाणं असेल तर आणखी वाईट, कारण पोरांना मधली ओळ सुटी आठवत नाही, पहिल्यापासून पुटपुटत यावं लागतं. ओठ हलताना दिसतात की नाही बघा. म्हणून एक जोडी, दोन ओळी, बस. सगळे काळ एका गाण्यात कोंबू नका.

आणि तुमच्या यस्टरडेच्या ओळीचा एक दुष्परिणाम तपासा. 'मी काल शाळेत गेलो नाही' लिहायला सांगा. 'आय डिड नॉट वेन्ट' किती जण लिहितात ते मोजा. यस्टरडे दिसला, दुसरा फॉर्म घातला. गाण्याची आज्ञा पाळली बिचाऱ्यांनी!

केळीवाला, रावेर
मी शिक्षक नाही. केळी बाहेर पाठवतो, इंग्रजीत मेल लिहावे लागतात. शाळेत आमच्या बाईंनी असंच काहीतरी यमक शिकवलं होतं, त्यातली यस्टरडेची ओळ अजून कामी येते. आमच्याकडचे पोरं सर्रास लिहितात, 'द कंटेनर हॅज लेफ्ट यस्टरडे.' मराठीत 'काल निघालाय' बरोबरच आहे ना, म्हणून. मी मेल पाठवण्याआधी यस्टरडे शोधतो आणि हॅज खोडतो. फोनवर मात्र गाणं आठवायला फुरसत नसते, तिथे चुकतोच. समोरच्याला कळतं, केळी पोहोचते.

क्लासवाला जळगाव
घ्या! रावेरच्या भाऊंनी माझंच सिद्ध केलं. खूण दिसली, चूक सुधारली.

जुना खडू
लिहून झाल्यावर तपासायला खूण उत्तम, ते मान्य. पण तुम्ही म्हणता खूण म्हणजेच टेन्स. मग 'टुडे'चा टेन्स कोणता सांगा. आय वेन्ट टुडे, आय ॲम गोइंग टुडे, आय विल गो टुडे, तिन्ही बरोबर. आणि 'आय नो द आन्सर नाऊ' मध्ये नाऊ असून आयएनजी कुठाय?

आखाजीची लेक
सगळे मराठीचं बोलताय, पण आमच्या वर्गातली निम्मी पोरं घरी अहिराणी बोलतात. 'मी जास, तू जास, तो जास', एकवचनात क्रियापद हलतच नाही. मग 'ही गो एव्हरी डे' लिहिलं तर नवल काय? एव्हरी डे पाहून साधा वर्तमान त्यांनी बरोबर ओळखलेला असतो, एस तेवढा राहतो. तो खुणेच्या गाण्यात येत नाही, कारण तो वेळेवर नाही, कर्त्यावर आहे.

मी आखाजीच्या झोक्याच्या चालीवर सवाल-जवाब करते. अर्धा वर्ग विचारतो 'किती वेळ?' किंवा 'कधीपासून?', उरलेल्यांनी पूर्ण वाक्यच द्यायचं, नुसता फॉर-सिन्स नाही. मुली पटकन पकडतात. मुलगे आधी हसतात, मग मुलींपेक्षा मोठ्यांदा ओरडतात. परीक्षेत फरक पडतो का? फॉर-सिन्समध्ये पडला. एस अजून तसाच लटकलाय.

क्लासवाला जळगाव
टुडेचं ठीक, तो सोडून देऊ. पण परीक्षा तीन तासांची आहे आणि आमच्याकडे पोरं फेब्रुवारीत येतात. तेव्हा प्रश्न-बिश्न विचारायला शिकवू की मार्क मिळवून देऊ? तुमची पद्धत जूनमध्ये सुरू करणाऱ्याला परवडते.

पारोळ्याचा मास्तर
आज 'डिड नॉट वेन्ट' तपासलं. निम्म्याहून जास्त वह्यांत सापडलं. पहिली जोडी आता अशी केली:

काल घडलं, होकार असे, दुसरा फॉर्म तिथे बसे;
डिड आला, पहिला धरा, दुसऱ्याला तो रजा करा.

शेवटची ओळ जमलेली नाही, कुणी सुधारून दिली तर बरं. फॉर-सिन्सला खडू सरांची जोडी घेतोय. नाऊची ओळ सध्या ठेवलीय, पण एका पोरीनं विचारलं, 'सर, ही लेफ्ट जस्ट नाऊ, मग इथे आयएनजी का नाही?'

जुना खडू
तिला सांगा, तिथला नाऊ 'आत्ता चालू' नाही, 'आत्ताच झालं' आहे. आणि नुसता जस्ट आला की आपल्या पुस्तकात हॅज घेतात, ही हॅज जस्ट लेफ्ट. अमेरिकन लोक तिथेही साधा भूतकाळ चालवतात. याला यमक करायला गेलो होतो, जमलं नाही.