झोपलेल्या पोरीचा मोबाईल

रंकाळ्याकाठची: पोरगी नववीत, 14 वर्षांची. ती झोपली की तिचं बोट लावून मोबाईल उघडते आणि सगळं चॅट वाचते. दोन महिने झाले, तिला पत्ता नाही. काही वाईट सापडलेलं नाही. नवरा म्हणतो ही चोरी आहे. पोर माझी, मोबाईल माझ्या पैशाचा. माझं काय चुकलं?

शाहूपुरीकर: ताई, "काही सापडलेलं नाही" एवढं वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. मलाही वर्षभर काही सापडत नव्हतं. मी तर तुमच्यापेक्षा शहाणा. पोरगा आंघोळीला गेला तेव्हा त्याचं व्हॉट्सॲप माझ्या लॅपटॉपला जोडून घेतलं. त्याचा पिन मला ठाऊक होता. ऑफिसात डबा खाता खाता वाचायचो. गणिताचा गृहपाठ, रंकाळ्यावर सायकली, एका सरांच्या पोटावरचे विनोद. रात्री मस्त झोप लागायची.

पोराला हे तिसऱ्या दिवशीच कळलेलं. सेटिंगमध्ये Linked devices उघडलं की कुठला कॉम्प्युटर जोडलाय आणि शेवटचा कधी चालू होता ते सरळ दिसतं. त्यानं ते काढलं नाही, मुद्दाम तसंच ठेवलं. व्हॉट्सॲप बापाला दाखवायला आणि खरं बोलणं इन्स्टाग्रामच्या दुसऱ्या अकाउंटवर. तिथं एका "मुलीनं" ओळख वाढवली, आधी स्वतःचे म्हणून फोटो पाठवले, मग याचा मागितला. यानं पाठवला. अर्ध्या तासात पाच हजार मागितले, नाहीतर फोटो वर्गातल्या सगळ्यांना जाणार म्हणून.

हे मला कळलं आठ दिवसांनी, इचलकरंजीच्या मावसभावाकडून. पोराला विचारलं मला का नाही सांगितलंस, तर म्हणाला, "तुम्ही आधी मोबाईल काढून घेतला असता, मग फोटो कुणाकुणाला गेला ते मला कळलंच नसतं." यावर काय बोलणार होतो मी?

पेठेतला गडी: म्हणजे साहेब, तुमचं वाचणं कमी पडलं! दोन्ही अकाउंटं वाचली असती तर पहिल्याच दिवशी सापडलं असतं. आणि 18 च्या आतलं पोर म्हणजे आईबापाच्या ताब्यातलं. 2023 चा डेटाचा कायदा हेच सांगतोय, पालकांची परवानगी लागते म्हणून. ताई, बिनधास्त वाचा.

समुपदेशक मॅडम: दादा, वय बरोबर, बाकी उलटं घेतलंत. ती परवानगी कंपनीनं घ्यायची आहे, पोराची माहिती वापरण्याआधी. घरात रात्री कोण कुणाचं चॅट वाचतं, यावर तो कायदा काही बोलत नाही.

पेठेतला गडी: बरं. कायदा सोडा. माझा मुद्दा तिथंच आहे.

राजारामपुरीचे बाबा: मूळ दुखणं कुणीच बोलत नाही. नववीच्या पोराच्या हातात मोबाईल दिला कुणी? शाळेनं! रात्री साडेनऊला ग्रुपवर गृहपाठ. वहीत लिहून द्यायला हात दुखतात का? आमच्या वेळी फळ्यावरचं उतरवून घ्यायचो.

बाई बोलतेय: मी शिकवते म्हणून बोलते. ग्रुप पालकांनीच मागितला. रात्री अकराला मला मेसेज येतो, "मॅडम, उद्या पीटीचे कपडे का?" त्याला उत्तर कोण देतं? मीच.

राजारामपुरीचे बाबा: मग देऊ नका ना उत्तर. वहीत लिहा.

बाई बोलतेय: वहीत लिहिलं की "आमच्याला दिसलंच नाही" हे ठरलेलं. आणि ग्रुपवरून आठवलं. एका आईनं लेकीच्या मोबाईलवर मैत्रिणींचा ग्रुप वाचला. दुसऱ्याच मुलीनं कुणाबद्दल तरी काहीतरी हळवं लिहिलेलं. ते हळदीकुंकवात बोललं गेलं. ती मुलगी चार दिवस शाळेत आली नाही. रंकाळ्याकाठच्या ताई, तुमच्या पोरीच्या मोबाईलमध्ये माझ्याही पोरीचं लिहिलेलं असतं. तिला कुणी विचारलंय?

रंकाळ्याकाठची: मी कुठं हळदीकुंकवात सांगत बसत नाही. उगाच मला त्या पंगतीला बसवू नका.

राजारामपुरीचे बाबा: ग्रुप नसता तर हे झालंच नसतं. हेच तर सांगतोय.

शाहूपुरीकर: अहो बाबा, तुमचा ग्रुप ठेवा बाजूला! मुलांचा आपसातला ग्रुप शाळेनं काढलेला नसतो.

रंकाळ्याकाठची: सगळे मला न वाचण्याचे धडे देताय. मग वाचायचं नाही तर करायचं काय? शाहूपुरीकर, तुमच्या पोराचं पुढं काय झालं ते तरी सांगा.

शाहूपुरीकर: झालं काय, पहिली चूक मी केली. रागानं त्या माणसाला ब्लॉक करून चॅट पुसायला निघालो होतो. मावसभावानं हात धरला. आधी त्या अकाउंटचं नाव, पूर्ण बोलणं, पैसे मागितलेला यूपीआय आयडी, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढले, मग ब्लॉक. पैसे दिले नाहीत. cybercrime.gov.in वर तक्रार केली. तिथं मुलांच्या बाबतीतल्या तक्रारीला नाव न सांगताही लिहिता येतं. आम्ही सांगितलं.

समुपदेशक मॅडम: नाव सांगितलंत ते बरं, तपासाला धागा लागतो. एक राहिलं. असे स्क्रीनशॉट काढताना मुलाचा तो फोटो मात्र "बघा काय केलंय" म्हणून मामा-काकांना पाठवायचा नाही. तो पुढं पाठवणं हाच गुन्हा, पाठवणारा बाप असला तरी. फोटो पसरायची भीती असेल तर takeitdown.ncmec.org आहे. तिथं फोटो चढवावा लागत नाही, फोनमध्येच त्याचा एक ठसा तयार होतो आणि तेवढाच जातो. सामील असलेल्या साइटवर तो फोटो आला की त्यांना ओळखता येतो. व्हॉट्सॲपच्या खासगी चॅटमध्ये फिरला तर मात्र त्याचा उपयोग नाही.

आणि ताई, तुमच्या प्रश्नाला: इन्स्टाग्रामवर पालकांची देखरेख जोडता येते. गेल्या 7 दिवसांत कुणाकुणाशी बोलणं झालं ते दिसतं, काय बोलली ते नाही. पोरीला ते स्वीकारावं लागतं, म्हणजे चोरून होत नाही. मला हे बरं वाटतं. बहुतेक वेळा एखादं अनोळखी नाव अचानक रोज दिसायला लागतं, तिथंच विचारायची जागा असते.

पेठेतला गडी: आणि दुसरं अकाउंट जोडलंच नाही तर? नाव काय, सावलीपण दिसणार नाही.

समुपदेशक मॅडम: ते खरंय. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. त्यासाठी तिनं स्वतः येऊन सांगायला हवं, आणि ज्याच्याकडून चोरून वाचलं जातंय त्याला कुणी सांगत नाही. शाहूपुरीकरांनी तेच सांगितलं.

पेठेतला गडी: ठीक आहे मॅडम, जिंकलात. माझी पोरगी सहावीत आहे, तिचं मात्र वाचणारच. तिला सांगून.

समुपदेशक मॅडम: सहावीत असेल तर 13 ची व्हायची आहे. व्हॉट्सॲपच्या नियमानं तिचं स्वतःचं वेगळं खातं नसायला हवं. पण सांगून म्हणालात, तेवढं पुष्कळ झालं.

रंकाळ्याकाठची: तुमचं पटलं म्हणून नाही, उत्सुकता म्हणून मघाशी नीट बघितलं. तिची आणि एका मैत्रिणीची चॅट 24 तासांत आपोआप पुसली जाईल असं लावलेलं आहे. तसं लावल्याची ओळ चॅटमध्ये राहते. वर तारीख बघितली. मी वाचायला लागल्यावर तिसऱ्या दिवशीची.

शाहूपुरीकर: तिसरा दिवस. आमच्याकडेही तिसराच.

रंकाळ्याकाठची: म्हणजे दोन महिने ती मला वाचू देत होती. उद्या रविवार, पांढरा रस्सा करायचाय. जेवताना कसं काढू विषय? बोट लावलं म्हणून सांगायचं, की आधी ते चॅट पुसण्याचं विचारायचं?

समुपदेशक मॅडम: आधी बोटाचं. पुसण्याचं तुम्हाला माहीतच नसायला हवं.

राजारामपुरीचे बाबा: आणि तो साडेनऊचा गृहपाठ आला का तुमच्याकडे? आमच्या ग्रुपवर आत्ता आलाय. शनिवारी!