मदत हवी आहे: पुढच्या वर्षीच्या मनुष्यबळाच्या अंदाजात नवख्यांचा तोटा दोनदा मोजला जातोय का?

कंपनी ४०० जणांची, पण प्रश्न फक्त ग्राहकसेवा विभागाचा आहे. तिथे आज १२० जण आहेत. पुढच्या वर्षी काम २० टक्के वाढेल आणि माणशी उत्पादकता ५ टक्के, असं धरलंय. म्हणजे १२० × १.२० ÷ १.०५, साधारण १३७ जण लागतील.

गळती वर्षाला १८ टक्के. ती मी सुरुवातीच्या १२० वर न लावता वर्षभराच्या सरासरीवर, म्हणजे सुमारे १२८ वर लावली. २३ जण सोडून जातील. वाढीचे १७ धरून एकूण भरती ४०.

इथपर्यंत ठीक. नवा माणूस पहिले तीन महिने निम्मंच काम करतो, म्हणजे माणशी दीड महिना वाया. ४० जणांचे ६० महिने, म्हणजे वर्षभराची ५ माणसं. ती मी १३७ मध्ये मिळवली, तर फायनान्सने हरकत घेतली: माणशी उत्पादकता काढताना गेल्या वर्षीचे नवखेही भागाकारात होतेच, मग तोटा आधीच धरलेला आहे.

मुद्दा पटतो, पण अर्धाच. गेल्या वर्षी भरती २० चीच होती.

फक्त वाढीव २० जणांचा तोटा, म्हणजे अडीच माणसं धरणं बरोबर, की नवख्यांना वगळून उत्पादकताच नव्याने काढावी? रुजू होण्याच्या तारखा आहेत, पण प्रत्येकाने किती काम केलं याची नोंद फक्त शेवटच्या सहा महिन्यांची आहे.